साडेएकोणीस हजेऱ्या

मी बांधकामावर मुन्शी झालो तो पन्नाशी ओलांडल्यावर. त्याआधी नागपूरच्या इतवारीतल्या एका किराणा पेढीवर वीस वर्षं वह्या लिहिल्या. पेढी बंद पडली आणि ओळखीतल्या एका ठेकेदारानं बेसा भागातल्या आपल्या साइटवर मला बसवलं. तीन मजली इमारत, खाली पार्किंग, पार्किंगमध्ये प्लास्टिकची खुर्ची, लोखंडी टेबल आणि हजेरीचं रजिस्टर. काम सोपं होतं. कोण आलं, कोण नाही, कोणी किती वेळ काम केलं ते लिहायचं, सिमेंटच्या पोत्यांची मोजदाद ठेवायची, आणि काही अडलं की ठेकेदाराला फोन करायचा. मला महिन्याचा पगार ठरलेला होता. पाऊस पडो, ऊन पडो, माझा पगार कोरडाच राहायचा. हे त्या वेळी माझ्या ध्यानातही नव्हतं, कारण ज्याला मिळतं त्याला ते कुठे दिसतं?

रजिस्टर मी फार नीट ठेवायचो. पट्टीनं रेघा, एकसारखं अक्षर, खाडाखोड नाही. त्याचा मला अभिमान होता. आता सांगायला लाज वाटते, पण त्या साइटवर माझ्या हातून जी एकच मोठी चूक झाली ती अगदी सुवाच्य अक्षरात झाली.

तिथे दोन मिस्त्री होते आणि चार रेजा. आमच्याकडे बांधकामावर डोक्यावरून माल वाहणाऱ्या बायकांना रेजा म्हणतात. त्या चौघींत ज्या वयानं सर्वांत मोठ्या होत्या त्यांना सगळे मावशी म्हणत. मिस्त्रीही म्हणत, ठेकेदारही म्हणे, मीही म्हणायला लागलो, खरं तर त्या माझ्याहून पाच-सहा वर्षांनी लहान असतील. गाव कुहीकडचं. नवरा वारल्यावर मुलीला घेऊन नागपुरात आल्या आणि दिघोरीजवळ एक खोली भाड्यानं घेऊन राहत होत्या. अंगानं किडकिडीत, बोलणं थोडं, आणि नजर अशी की घमेल्यात माल किती आहे ते लांबूनच सांगत.

साइटचा नियम ठेकेदारानं मला पहिल्याच दिवशी सांगितला होता. सकाळी आठला काम लागलं आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत चाललं तर अर्धी हजेरी. सुट्टीनंतर चारच्या चहापर्यंत चाललं तर पूर्ण. काम सुरूच झालं नाही तर काहीच नाही, मग माणूस कितीही लांबून ऑटोचे पैसे मोडून आलेला असो. दर शनिवारी प्रत्येकाला खर्ची मिळे, म्हणजे घरखर्चासाठी थोडी उचल. बाकी सगळा हिशेब महिना संपल्यावर पहिल्या रविवारी. हजेऱ्या गुणिले रोजी, वजा खर्ची.

रेजांची रोजी पाचशे होती. मावशींचा महिना कसा चालतो हे मला त्यांनी स्वतःहून कधी सांगितलं नाही. एकदा चहाच्या वेळी दुसऱ्या एका रेजानं विचारलं, "मावशी, तू सुट्टीच्या दिवशीबी काम हाये का म्हून काहून इचारतं वं?" तेव्हा त्या म्हणाल्या, "अठरा हजेऱ्या घराच्या. शनवारची खर्ची अन् खोलीचं भाडं, तेवढ्यातच सरते. वरच्या दोन पोरीच्या. वीस झाल्या का महिना निघाला."

पोरीच्या दोन, म्हणजे हजार रुपये. मुलगी पदवी घेऊन स्पर्धा परीक्षेची तयारी करत होती आणि नंदनवनमधल्या एका अभ्यासिकेत बसत होती. दहा बाय दहाच्या खोलीत, शेजाऱ्याच्या टीव्हीच्या आवाजात अभ्यास होत नाही, म्हणून. अभ्यासिकेची जागा महिन्याला हजार रुपये. पाच तारखेपर्यंत पैसे भरले नाहीत तर जागा दुसऱ्याला, कारण बाहेर यादी लागलेली. परीक्षा दोन महिन्यांवर आली होती.

मी हे ऐकलं आणि विसरलो. वीस वर्षं दुसऱ्याच्या पैशाच्या वह्या लिहिल्यावर माणसाला आकडे ऐकू येतात, त्यामागचं काही ऐकू येत नाही.

मग ऑगस्ट लागला. रविवार, पंधरा ऑगस्ट, राखी आणि पोळा वजा करून हाती चोवीस दिवस राहत होते. पावसानं त्यातले तीन पूर्ण खाल्ले. सकाळपासून अशी झड लागली की रस्त्यावर गुडघाभर पाणी. आणखी दोन दिवस दुपारी बंद करावे लागले, त्यांच्या अर्ध्या गेल्या. शेजारच्या साइटवर मात्र त्याच महिन्यात पावसानं आठ दिवस बुडाले होते. पाऊस काही कुंपण पाहून पडत नाही, तेव्हा आमचे कमी का बुडाले हा प्रश्न मला पडायला हवा होता. पडला नाही.

कारण मावशी होत्या. त्या साइटवर कामाचा क्रम कागदावर मिस्त्री ठरवत, पण खरा त्या ठरवत. उघडीप असली की त्या म्हणायच्या, "भाऊ, आज वरची जुडाई करून घ्या. खालचं आतलं राहू द्या." मिस्त्री ऐकायचे. जुडाई म्हणजे विटांचं बांधकाम, ते उघड्यावर चालतं आणि पावसात होत नाही. आतली कामं, खोल्यांत मुरूम पसरणं, प्लास्टर धरावं म्हणून कॉलमला छिन्नीनं खाचा पाडणं, ही छपराखालची कामं त्या जपून शिल्लक ठेवायच्या. पाऊस आला की घमेली घेऊन सगळ्या जणी आत. काम चालू, हजेरी चालू. मी खाली बसून पाहायचो आणि मला वाटायचं, ही बाई हातातलं काम अर्धवट सोडून दुसरीकडे का पळते? एकदा मी म्हटलंही, "मावशी, एक खोली धरली तर संपवत जा ना." त्या हसल्या आणि म्हणाल्या, "संपवली तं पाण्याच्या दिवशी का खाऊ जी?" मला ती आळशीपणाची कबुली वाटली. माझ्या अकलेचं काय सांगावं!

आता खरी गोष्ट सांगतो. महिन्याचा शेवटचा आठवडा होता. पावसाळ्यात नदीवरचे रेतीचे घाट बंद असतात, साठवलेली रेती महागात मिळते आणि ट्रक वाटेत कुठे अडेल त्याचा नेम नसतो. आमचाही ट्रक अडला. सकाळी आठला सगळे आले तेव्हा साइटवर चाळीसेक घमेली रेती उरली होती. दोन मिस्त्री जुडाईला लागले तर ती बारापर्यंत संपणार हे मलाही कळत होतं. ठेकेदाराचा फोन आला, "मुन्शीजी, ट्रक आज येत नाही. रेती संपली का सुट्टी देऊन टाका."

मी तसं सांगितलं. मावशींनी ऐकून घेतलं, रेतीच्या ढिगाकडे एकदा पाहिलं आणि बाकीच्यांना म्हणाल्या, "चला वं, विटा वर नेऊ."

त्यानंतर मी जे पाहिलं ते असं. साडेआठ वाजले, नऊ वाजले, दहा वाजले, पण सिमेंटचं पोतं काही फुटेना. रेजा विटा वाहत होत्या. मग एक जण पाण्याचा पाइप घेऊन वर गेली. एक रेती चाळत बसली. वरून छिन्नीचा आवाज येत होता. मिस्त्री दोरी घेऊन खाली-वर करत होते, एकदा तर दोघं चहा प्यायला बाहेर गेले. साडेदहा झाले तरी मसाला, म्हणजे सिमेंट-रेतीचा गिलावा, कालवायला सुरुवात नाही.

माझं डोकं तापलं. मी नियम जाणत होतो आणि तेही जाणत होते. जेवणानंतर काम चाललं की पूर्ण हजेरी. म्हणजे ही सगळी मंडळी अर्ध्या दिवसाची रेती दिवसभर पुरवून ठेकेदाराच्या डोळ्यात धूळ फेकत होती, आणि ते मी, इतका हिशेबी माणूस, उघड्या डोळ्यांनी होऊ देणार होतो? मी फोन लावला.

"साहेब, काम रेंगाळवून राहिले हे लोक. रेती बारापर्यंतची, अजून मसाल्याले हात नाही लावला."

पलीकडे ठेकेदार कुठल्या तरी दुसऱ्या साइटवर होता, मागे मिक्सरचा आवाज. तो म्हणाला, "मंग अर्धी लावा साऱ्यांची. रेती अर्ध्या दिवसाची होती ना? मले इचारू नका."

मी रजिस्टर उघडलं आणि सहा नावांपुढे सहा तिरप्या रेघा मारल्या. तिरपी म्हणजे अर्धी, उभी म्हणजे पूर्ण. कुणाला सांगितलं नाही. सांगायचं कशाला, हिशेबाच्या दिवशी कळेलच, असं मनाशी म्हणालो. खरं कारण हे की मावशींच्या तोंडावर सांगायची माझी छाती नव्हती. अकराला त्यांनी मसाला कालवला, थोडा थोडा, वाया जाणार नाही असा, आणि जुडाई चालू झाली. जेवणाच्या सुट्टीनंतर पुन्हा सुरू झाली आणि साडेचारला रेतीचं शेवटचं घमेलं वर गेलं. पाचला सगळ्यांनी हात-पाय धुतले. मावशी जाताना दुसरीला म्हणाल्या, "आजची लागली वं. आता पुढचा पाणी नाही आला तं वीस होतात." मी रजिस्टर बंद करून त्यावर डबा ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला रेतीचा ट्रक आला. आणि त्या दिवशी जे काम झालं ते मी त्या साइटवर आधी कधी पाहिलं नव्हतं. दुपारपर्यंत दुसऱ्या मजल्याची एक अख्खी भिंत छातीपर्यंत आली. मिस्त्रींना विटेसाठी हाक मारावी लागत नव्हती, की थांबावं लागत नव्हतं. तीन दिवसांचं काम दोन दिवसांत झालं. ठेकेदार संध्याकाळी येऊन पाहून गेला आणि खूश होऊन मला म्हणाला, "चांगला जोर लावला तुम्ही." मी लावला!

ठेकेदार गेल्यावर मी मोठ्या मिस्त्रीला विचारलं, हे इतक्या लवकर कसं झालं? तो तंबाखू मळत होता. म्हणाला, "त्या रेतीच्या दिवशी मावशीनं सारी तयारी करून ठेवली ना जी. विटा वर गेल्या, भिजल्या. आमी चौकटी ओळंब्यात उभ्या करून घेतल्या, परांची बांधली. कॉलमले खाचा पाडून झाल्या. रेती आली अन् नुसतं लावत जायचं होतं. नाही तं सकाळीच मसाला घेतला असता, बारा वाजता घरी गेलो असतो, अन् ट्रक आला त्या दिवशी विटा वाहात बसलो असतो. अर्धा दिवस आमचाबी गेला असता, अन् ठेकेदाराचाबी."

मी तिथे उभ्या उभ्या खजील झालो. त्या दिवशी मला जो कावा वाटला होता तो पूर्ण दिवसाचा घाम होता, आणि वर ठेकेदाराचा एक दिवस वाचवणारी अक्कल होती. चाळीस घमेली रेती समोर ठेवून सहा माणसांचा दिवस उभा करायचा, कुणाचा हात रिकामा राहू द्यायचा नाही, एकही काम खोटं काढायचं नाही, आणि हे सगळं ढिगाकडे एकदा बघून. मी वीस वर्षं पेढीवर बसलो, असा माणूस मी पाहिला नाही. मला त्या बाईचं फार कौतुक वाटलं, आणि त्याच क्षणी त्या सहा तिरप्या रेघाही आठवल्या.

कुणाला वाटेल, मी लगेच फोन करून चूक दुरुस्त केली असेल. नाही केली. रोज सकाळी ठरवायचो, आज सांगू. मग वाटायचं, ठेकेदार म्हणेल, मुन्शीजी, तुम्हाला खाली बसून एवढंही दिसत नाही तर ठेवलं कशाला? या वयात दुसरी नोकरी कोण देणार? असं करता करता महिना संपला. मधे पाऊस आला नाही. मावशींची बोटांवरची मोजणी बरोबर होती, फक्त माझ्या वहीत ती अर्ध्यानं कमी होती.

हिशेबाच्या रविवारी सगळे दहाला जमले. ठेकेदार माझ्या खुर्चीवर बसला, मी बाजूला उभा. आधी दुसऱ्या रेजांचे हिशेब झाले. एकीनं "अर्धा कमी लागला वाटते" असं पुटपुटलं, पण रजिस्टर पाहून गप्प झाली. छापील रकाने आणि माझ्या सरळ रेघा पाहिल्या की लोकांना आपलीच आठवण चुकली असं वाटायचं.

मग मावशी. ठेकेदारानं वाचलं, "साडेएकोणीस. नऊ हजार सातशे पन्नास. खर्ची सहा हजार. तीन हजार सातशे पन्नास घ्या."

मावशी पुढे आल्या नाहीत. म्हणाल्या, "वीस हायेत जी."

"रजिस्टरमध्ये साडेएकोणीस आहेत मावशी."

"चोवीस दिवस होते," त्या अंगठा बोटांच्या पेरांवर फिरवत म्हणाल्या. आवाज चढला नाही, पण थांबलाही नाही. "तीन दिवस झडीत बंद होते. राहिले एकवीस. दोन डाव दुपारून घरी गेलो, त्याचा एक कटला. वीस. आता अर्धी कोणत्या दिवसाची गेली ते सांगा."

ठेकेदारानं पान पाहिलं. "रेती नव्हती त्या दिवसाची."

"त्या दिवशी आमी पाच वाजेपर्यंत होतो जी."

"मुन्शीजीनं तं सांगितलं रेंगाळून राहिले म्हणून."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मावशींनी पण पाहिलं. त्यांच्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं. त्यात नुसतं आश्चर्य होतं, माणूस रोज नमस्कार करतो आणि असं करतो, तसलं. तीन हजार भाड्याचे गेल्यावर त्यांच्याकडे साडेसातशे उरणार होते. पाच तारीख परवा होती. हे मला तेव्हा इतकं स्वच्छ दिसलं की मी मूग गिळून बसूच शकलो नाही.

"चूक माझी आहे," मी म्हणालो. "ते रेंगाळत नव्हते. विटा वर नेल्या, भिजवल्या, कॉलमला खाचा पाडल्या, चौकटी उभ्या केल्या. मसाला मग लावला. ती भिंत दोन दिवसांत झाली ती त्यामुळेच झाली. पूर्ण हजेरी होती. साऱ्यांचीच."

ठेकेदारानं पुन्हा ते पान पाहिलं. मग त्यानं मोबाइलवर आकडे केले. चार रेजांचे अडीचशे अडीचशे, दोन मिस्त्रींचे साडेचारशे साडेचारशे. "एकोणीसशे रुपये," तो म्हणाला. "ठीक आहे. चूक तुमची, तं तुमच्या पगारातून कापतो. पुढच्या डावी डोळे उघडे ठेवाल."

मी मान हलवली. मला तो न्याय वाटला. खरं म्हणजे सुटल्यासारखंच वाटलं, कारण पैसे देऊन माझी लाज भरून निघत होती.

"नाही जी," मावशी म्हणाल्या.

ठेकेदार चकित झाला. "आता का झालं मावशी? तुमचे पैसे तं भेटून राहिले."

"मुन्शीजीच्या पगारातून नका कापू. काम तुमच्या भिंतीवर झालं. त्यायच्या घरी नाही झालं. लिहायची चूक त्यायची हाये, पण रोजी तं तुमच्याकडचीच हाये. त्यायच्याकडून घेतली तं ती दया होते जी. मले माही रोजी पाहिजे."

दोन्ही मिस्त्री खाली मान घालून हसत होते. ठेकेदारानं आधी तोंड वाकडं केलं, मग एकदा वरच्या भिंतीकडे पाहिलं आणि माझ्या हातात पेन दिलं. मी सहा तिरप्या रेघा खोडून उभ्या केल्या, शेजारी सही केली. माझ्या रजिस्टरमधली ती पहिली खाडाखोड, आणि सबंध वहीत बघण्यासारखं काही असेल तर तेवढंच आहे. एकोणीसशे रुपये ठेकेदारानं आपल्या खिशातून काढले.

मी आयुष्यात पुष्कळ मोठी माणसं दुरून पाहिली आहेत, भाषणं ऐकली आहेत. पण अडीचशे रुपयांसाठी अडलेली बाई ते अडीचशे चुकीच्या खिशातून घ्यायला नाही म्हणते, हे मी एकदाच पाहिलं.

मावशींनी चार हजार मोजून घेतले. तीन हजार पदराच्या गाठीत बांधले, पाचशेच्या दोन नोटा वेगळ्या धरल्या आणि तिथेच उभ्या राहून मुलीला फोन लावला. "हो वं, भेटले. पूरे भेटले. जागा दुसऱ्याले देऊ नका म्हणावं त्यायले, आजच आणून देतो मी." मग फोन ठेवून पिशवी उचलली.

मी फाटकापर्यंत त्यांच्या मागे गेलो. म्हणालो, "मावशी, माझ्यावर राग नाही ना?"

त्यांनी पिशवी खांद्याला लावली आणि रस्त्यावर ऑटो दिसतो का ते पाहिलं.

"राग करून का करू जी?" त्या म्हणाल्या. "उद्या सकाळी आठ वाजता तुमच्याच समोर हजेरी लावाची हाये."